अडतीस मिनिटांची प्रश्नोत्तरं: काजूच्या वेबिनारचा सारांश करतानाच्या नोंदी

रविवार, १२ ऑक्टोबर

आज दुपारी चार वाजता आमच्या बागायतदार गटाचा वेबिनार झाला. विषय ढेकण्या, म्हणजे काजूचे कोवळे शेंडे शोषणारा किडा, आणि फवारणीच्या वेळा. आता पालवी फुटायला लागेल, म्हणून ऑक्टोबरच धरला. वक्त्या कीटकशास्त्रातल्या, बोलल्या मराठीत. विचारणारे बहुतेक गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतले. त्यामुळे प्रश्न अर्धे मराठीत, अर्धे कोंकणीत, आणि कोंकणीतले बरेचसे रोमी लिपीत टाइप केलेले.

गटाच्या बैठकांचं इतिवृत्त मी लिहिते, म्हणून प्रश्नोत्तरांचा सारांशही माझ्याच गळ्यात पडला. भाषणाच्या स्लाइड सगळ्यांना मिळणारच आहेत, पण प्रश्नोत्तरं कुठंच लिहिलेली नाहीत आणि लोकांना हवी असतात तीच. अध्यक्षांनी सांगितलं, "दोन पानांत बसव, आणि उत्तर न मिळालेले प्रश्न शेवटी वेगळे दे." प्रश्नोत्तरं अडतीस मिनिटांची. मी म्हटलं, मंगळवारपर्यंत देते. हा माझा पहिला चुकीचा अंदाज.

सोमवार, १३ ऑक्टोबर (दीड तास)

वेबिनारच्या खात्यातून प्रश्नांचा अहवाल उतरवून घेतला. ही सीएसव्ही फाइल असते. प्रत्येक ओळीत प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव आणि ईमेल, उत्तर, प्रश्नाची वेळ, उत्तराची वेळ. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीच्या जागी à¤ असल्या खुणांची रांग. फाइल बिघडली असं वाटून ती तीनदा उतरवली, त्यात वीस मिनिटं गेली. फाइल चांगलीच होती, फक्त उघडताना अक्षरसंच चुकीचा धरला जात होता. लिब्रऑफिसमध्ये उघडताना जी खिडकी येते तिथं Character set पुढं Unicode (UTF-8) निवडलं आणि सगळं नीट दिसलं.

एकूण ४१ ओळी. २२ ओळींच्या उत्तराच्या रकान्यात `live answered` असा शिक्का, म्हणजे तोंडी उत्तर दिलं. ९ ओळींत टाइप केलेलं उत्तर. १० रकाने रिकामे.

मला हे आयतंच वाटलं. टाइप केलेली नऊ उत्तरं उचलली, बावीस तोंडी उत्तरं माझ्या वहीतल्या टिपणांवरून लिहिली आणि रिकामे दहा प्रश्न 'अनुत्तरित' या मथळ्याखाली ठेवले. पान दीड भरलं. रात्री साडेनऊला गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकून दिलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी सात वाजता फोन. वाळपईच्या पलीकडचे एक बागायतदार, वय सत्तरीपुढचं, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो.

"गो बाये, म्हज्या प्रस्नाची जाप खंय आसा?"

मी कागद बघितला. "नाना, तुमचा प्रश्न 'उत्तर मिळालेले' मध्ये आहे. फांद्या सुकतात, तो ना?"

"फांद्यो न्हय गो, झाड! झाड एका वटेन सुकता. बुडाक भुसो पडला. ताका ती फवारूंक सांगता. बुंध्याक फवारून कितें जातलें?"

झाड एका बाजूनं सुकतंय आणि बुडाशी भुसा पडलाय. काजू असलेल्या घरात वाढलेल्या कुणालाही हे ऐकून रोठा आठवेल, म्हणजे खोड आणि मुळं पोखरणारी अळी. माझ्या सारांशात मात्र त्यांना ढेकण्याची फवारणी सांगितलेली होती, आणि शेजारी 'उत्तर दिले' असं लिहिलेलं.

सारांश गटातून काढून टाकला. "दुरुस्ती चालू आहे, जुना कागद वापरू नये" असा निरोप टाकला. तोवर अकराजणांनी तो पुढं पाठवून झाला होता.

बुधवार, १५ ऑक्टोबर (अडीच तास)

नानांच्या प्रश्नाचं नेमकं काय झालं ते आधी शोधायचं ठरवलं. त्यासाठी रेकॉर्डिंगमधली ती जागा सापडायला हवी. अहवालात घड्याळाची वेळ असते आणि रेकॉर्डिंग शून्यापासून मोजतं. शिवाय सूत्रसंचालक रेकॉर्डिंग सुरू करायला विसरला होता, ते चार वाजून ६ मिनिटं २० सेकंदांनी सुरू झालं. म्हणून J1 मध्ये 16:06:20 टाकलं आणि प्रत्येक ओळीत वजाबाकी केली:

```
=E2-$J$1
```

यानं प्रश्न *टाइप झाला* ती जागा सापडते. उत्तर तिथं असेलच असं नाही. नानांचा प्रश्न पाच वाजून अठरा मिनिटांनी आलेला, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये एक तास बारा मिनिटांच्या आसपास. तो वाचला गेला त्यानंतर अकरा मिनिटांनी.

आणि झालं ते असं. नानांच्या नातवानं प्रश्नांच्या खिडकीत रोमी लिपीत एकच वाक्य टाइप केलं, झाड एका बाजूनं सुकतं. भुशाची गोष्ट नानांनी त्याला मागाहून सांगितली असणार, कारण ती दीड मिनिटानंतर *चॅटमध्ये* आली. सूत्रसंचालकासमोर फक्त प्रश्नांची खिडकी होती. त्यानं वाचताना मराठी केलं: "झाडाच्या फांद्या एका बाजूनं सुकतायत." झाडाच्या झाल्या फांद्या. मॅडमनी ऐकलं ते फांद्या सुकण्याबद्दल, आणि ढेकण्यानं कोवळे शेंडे शोषले की शेंडे काळे पडून खाली सुकत जातात हे खरंच आहे. त्यांचं उत्तर त्यांच्या कानावर पडलेल्या प्रश्नाला अगदी बरोबर होतं. फक्त तो प्रश्न नानांचा नव्हता.

चूक कुणा एकाची नाही. अहवालाच्या दृष्टीनं प्रश्न वाचला गेला, उत्तर बोललं गेलं, शिक्का पडला. सारांश करणाऱ्यानं मूळ शब्द, वाचलेले शब्द आणि उत्तर हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय ही फट दिसत नाही.

आता नानांना रोठ्याचा उपाय मीच लिहून द्यावा असा मोह झाला. आमच्याच परड्यात दोन झाडं त्यानं गेली आहेत, थोडंफार मलाही कळतं. पण सारांशात माझं उत्तर मॅडमच्या नावावर जाईल, म्हणून हात आवरला. स्थितीच्या रकान्यात "भलत्याचं उत्तर" असं लिहिलं आणि प्रश्न परत पाठवायच्या यादीत टाकला. नानांना फोनवर एवढंच सांगितलं की तुमच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही आणि ती फवारणी तुमच्यासाठी नव्हती.

गुरुवार, १६ ऑक्टोबर (तीन तास)

नानांचा एक प्रश्न असा निघाला तर बाकीच्या एकवीस `live answered` ओळींचं काय, म्हणून सगळ्या तपासायला घेतल्या.

पहिल्यांदा ओळी उत्तराच्या वेळेप्रमाणे लावल्या, आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट तिथंच सापडली. सात ओळींची उत्तराची वेळ ५:४७:०५ आणि ५:४७:५० यांच्या मधली. पंचेचाळीस सेकंदांत सात उत्तरं कुणी देत नाही. सूत्रसंचालकाला विचारलं. हा माझा भाचाच, वेबिनारचं तांत्रिक सगळं तो बघतो. "आत्या, शेवटी खिडकी रिकामी करायची म्हणून पटापट दाबले. उघडे ठेवले तर बरं दिसत नाही ना."

त्या सात प्रश्नांपैकी तिघांची उत्तरं आधी येऊन गेली होती. चार प्रश्न कुणी घेतलेच नव्हते.

मग उलट बाजू, रिकामे दहा रकाने. त्यातल्या सहा प्रश्नांना मॅडमनी बोलता बोलता उत्तर दिलं होतं, कुणी बटण दाबलं नव्हतं एवढंच. मोहोरावर फवारणी सकाळी करावी की संध्याकाळी, हा त्यातलाच एक. दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाला उत्तर देताना त्या म्हणून गेल्या की किडा ऊन चढल्यावर पानाआड जातो, तेव्हा सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावरच फवारा. माझ्या पहिल्या सारांशात हा प्रश्न 'अनुत्तरित' होता. ज्या बाईनं विचारला होता ती ऐकून समाधानानं उठून गेली असेल, आणि मी तिला कळवलं की तुला उत्तर मिळालं नाही.

म्हणजे शिक्का दोन्ही बाजूंनी खोटं बोलत होता. अहवाल कुणी काय विचारलं ते चांगलं सांगतो. उत्तर मिळालं का, हे त्याच्यावर सोडू नये. रेकॉर्डिंगची अडतीस मिनिटं पूर्ण ऐकायची. मी ती दोनदा ऐकली. पहिल्यांदा सलग, काही न लिहिता, आणि दुसऱ्यांदा थांबत थांबत. सलग ऐकताना "हे मघाशी बोलल्या होत्या" असं लक्षात येतं, तुकड्यातुकड्यानं ऐकताना नाही.

संध्याकाळी पावसात दोन तास वीज नव्हती. तिथंच थांबले.

शनिवार, १८ ऑक्टोबर (दोन तास)

आज फक्त मोजणी. प्रश्न चार ठिकाणी विखुरलेले निघाले. खिडकीतले ४१. चॅटमध्ये दीडशेच्या वर संदेश, बहुतेक "नमस्कार" आणि "आवाज येत नाही", पण त्यात ११ खरे प्रश्न. हात वर करून तोंडी विचारलेले ५. आणि ज्यांना लिंक उघडता आली नाही त्यांनी अध्यक्षांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले ४. एकूण ६१.

हे एकसष्ट प्रश्न आहेत असं धरू नये. काही ओळींत दोन-तीन प्रश्न एकत्र असतात. एक नमुना: "पहिली फवारणी पालवीला केली नाही तर चालेल का आणि मधमाश्यांच्या पेट्या आहेत त्यांचं काय आणि औषध कुठं मिळेल?" मॅडमनी पहिल्याचं उत्तर दिलं, पेट्यांबद्दल अर्धवट बोलल्या, तिसरा राहून गेला. ही ओळ न फोडता 'उत्तर दिले' म्हटलं की दोन प्रश्न गडप. फोडल्यावर ६९ झाले.

मग एकसारखे एकत्र केले, कारण "किती वेळा फवारायचं" हेच नऊजणांनी नऊ तऱ्हांनी विचारलं होतं. शेवटी ३४ वेगळे प्रश्न उरले. एकत्र करताना एकदा घसरले. "मोहोर करपतो" आणि "तीन फवारण्या करूनही मोहोर करपतो" हे मी एकच धरले होते. पहिल्याला काय करायचं ते हवंय, दुसऱ्यानं ते करून झालंय आणि का फसलं ते हवंय. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं तर तो चिडणारच. परत वेगळे केले. आता माझा नियम असा आहे की दोन प्रश्नांना एकच उत्तर पुरत असेल तरच ते एक, शब्द सारखे आहेत म्हणून नव्हे.

एकत्र केले तरी मूळ शब्द पुसायचे नाहीत. मी मूळ वाक्यासाठी एक रकाना ठेवलाय, जसं आलं तसं, रोमीतलं रोमीतच, आणि शेजारी माझ्या शब्दांतलं मराठी. नानांच्या प्रश्नानं शिकवलेला हा रकाना.

नाव आणि ईमेलचे रकाने या कामाच्या प्रतीतून काढून टाकले. विचारणाऱ्यांना परत कळवायला मूळ फाइल माझ्याकडं आहे, गटात फिरणाऱ्या कागदावर ती कशाला हवीत?

रविवार, १९ ऑक्टोबर

काम शून्य. दिवाळीच्या पहाटे जाळायचा वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा अजून अर्धाच होता, पोरांनी रद्दी मागितली, दिली. त्यात वेबिनारच्या छापून ठेवलेल्या स्लाइड गेल्या ते दुसऱ्या दिवशी कळलं. नरकासुराच्या पोटात ढेकण्या जळाला म्हणायचं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर (अडीच तास)

चौतीस प्रश्नांना स्थिती लावली. पहिल्यांदा 'हो' आणि 'नाही' अशा दोनच होत्या, त्यात काही बसेना. शेवटी पाच झाल्या: पूर्ण, अर्धं, पुढं ढकललं, भलत्याचं उत्तर, घेतलंच नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला 'पूर्ण' आणि 'अर्धं' यांच्यामधल्या रेषेवर. मॅडम सगळ्यांशीच गोड बोलल्या, त्यामुळे ऐकताना सगळी उत्तरं पूर्ण वाटतात. म्हणून जावेला बसवलं. तिची स्वतःची काजूबाग आहे आणि वेबिनार तिनं ऐकला नव्हता. तिला प्रश्न वाचून दाखवायचा, मग मी लिहिलेलं उत्तर वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "आता तू उद्या काय करशील?" तिला सांगता आलं तर पूर्ण. "बरं, पण…" असं म्हणाली तर अर्धं.

मधमाश्यांच्या पेट्यांचा प्रश्न मी 'पूर्ण' मध्ये टाकला होता, कारण मॅडमनी सांगितलं होतं की माश्या दिवसा फिरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करा. जाऊ म्हणाली, "बरं, पण पेट्या तिथंच ठेवायच्या की त्या दिवसांत हलवायच्या? आणि किती दिवस?" विचारणाऱ्याला हेच तर हवं होतं. अर्धं.

सेंद्रिय बागेचा प्रश्न: मॅडम म्हणाल्या, "तो स्वतंत्र विषय आहे, आमचे सहकारी माहिती पाठवतील." ऐकताना हे उत्तर वाटतं. पण कोण पाठवणार, कुणाला, कधी, यातलं काहीच त्यात नाही. पुढं ढकललं. असे तीन. यांच्यासमोर मी 'कुणी कबूल केलं' असा रकाना घातला, नाहीतर असलं आश्वासन हवेत विरतं.

'घेतलंच नाही' मध्ये सात. मागच्या गुरुवारी सापडलेल्या चार आणि रिकाम्यांतल्या चार, अशा आठ ओळी, पण त्यातल्या दोन एकाच प्रश्नाच्या. या सातांपैकी पाच प्रश्न कीटकशास्त्राचे नव्हतेच. गवे आणि माकडं नासधूस करतात त्याची भरपाई, जमिनीचे कागद नावावर नाहीत तर अनुदान मिळेल का, असले. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या काजू काढणाऱ्या किती घरांना हा कागदांचा प्रश्न छळतो ते इथल्या माणसाला सांगायला नको.

हिशेब: पूर्ण १७, अर्धं ५, पुढं ढकललं ३, भलत्याचं उत्तर २, घेतलंच नाही ७. चौतीसांत सतरा पूर्ण, म्हणजे निम्मे. पहिल्या सारांशात मी एक्केचाळीसपैकी एकतीस सुटले असं लिहून मोकळी झाले होते.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

अध्यक्षांना यादी दाखवली. त्यांना ते पाच 'विषयाबाहेरचे' प्रश्न नको होते. "वेबिनार फवारणीचा होता. जमिनीचं घातलंस तर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही उत्तर टाळलं."

मी म्हटलं, टाळलं नाही, पण दिलंही नाही. प्रश्न आला होता हे लपवलं तर ज्यानं विचारला त्याला आपण लपवल्याचं दिसणारच. तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी तोड निघाली: प्रश्न राहतील, पण प्रत्येकासमोर न घेण्याचं कारण एका शब्दात. 'वेळ संपला' किंवा 'विषयाबाहेर'. आणि विषयाबाहेरच्या प्रश्नांसमोर तो कुणाला विचारावा ते. हे माझ्या मूळ यादीपेक्षा चांगलं झालं, मान्य करते. नुसतं 'अनुत्तरित' वाचून वक्त्याला उत्तर आलं नाही असं वाटतं, आणि ते मॅडमवर अन्यायाचं होतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर (दोन तास)

पूर्ण उत्तरांचं लेखन. एका उत्तराला दोन ते तीन वाक्यं. आधी काय करायचं ते, मग कारण. मॅडमची "म्हणजे कसं आहे की" काढली, पण "बहुधा", "आमच्या प्रक्षेत्रावर तरी" असे शब्द ठेवले. सारांशात हेच शब्द पहिल्यांदा गळतात आणि अंदाजाची शिफारस होऊन बसते.

औषधाच्या मात्रेपाशी पुन्हा ठेच लागली. वहीत लिहिलं होतं: पहिल्या फवारणीला दहा लिटर पाण्यात दहा मिली. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी आवाज तुटतो: "पहिलीला… दुसरीला दहा." तुटलेल्या जागी दुसरीचा दहा मी पहिलीला चिकटवला होता. कान लावून लावून ऐकलं, मला "सहा" वाटलं, जावेला "दहा". कानावर मतदान घेऊन औषधाची मात्रा ठरवायची नाही. सगळ्या मात्रा, सगळी औषधांची नावं वेगळ्या कागदावर काढून मॅडमना पाठवली: "कृपया तपासून सही करून द्या." त्यांचं उत्तर येईपर्यंत सारांशात त्या जागी मोकळी चौकट.

(औषधांची नावं आणि बाकीच्या मात्रा या नोंदीत मुद्दाम देत नाही. शिफारशी बदलतात, त्या चालू वर्षाच्या कागदावरूनच घ्याव्यात.)

त्याच पत्रात, विषयाबाहेरचे पाच वगळून राहिलेले मॅडमकडचे बारा प्रश्न जोडले. नुसती यादी पाठवली नाही. प्रत्येक प्रश्नाचे मूळ शब्द, तुम्ही काय म्हणालात, आणि काय राहिलं ते एका ओळीत. नानांच्या प्रश्नासोबत चॅटमधली भुशाची ओळही. खूप कामात असलेल्या माणसाला "प्रश्न ७ बद्दल सांगा" असं लिहून उपयोग नाही, त्याला तो दिवस आठवत नसतो.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मॅडमचं उत्तर आलं, बारापैकी आठांचं. पहिल्या फवारणीची मात्रा सहाच होती.

नानांसाठी त्यांनी सविस्तर लिहिलं, ते थोडक्यात असं. बुडाशी भुसा, सालीला बारीक छिद्रं, डिंक येणं ही रोठ्याची लक्षणं, इथं ढेकण्याची फवारणी करून काही होणार नाही. बुंध्याची आणि वर आलेल्या मुळांची साल जिथं पोखरलीय तिथं पटाशीनं हलक्या हातानं उघडून अळ्या काढून मारायच्या, चांगली साल जास्त तासायची नाही. पण बुंध्याच्या घेराची निम्म्याहून जास्त साल गेली असेल किंवा सगळी पानं पिवळी पडली असतील तर ते झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून बागेबाहेर न्यायचं, नाहीतर त्यातून निघणारे भुंगेरे शेजारच्या झाडांवर अंडी घालतात. शेवटी एक ओळ होती: "वेबिनारमध्ये भुशाचं कळलं असतं तर मी हेच सांगितलं असतं."

नानांना फोनवर वाचून दाखवलं. चार झाडांपैकी एक गेलंच आहे म्हणाले. बाकी तीन उद्या बघणार.

रविवार, २ नोव्हेंबर (दीड तास)

नवा सारांश गटात टाकला. अध्यक्षांची दोन पानं चार झाली. वर ठळक अक्षरांत "१३ ऑक्टोबरचा कागद रद्द", कारण तो अजून फिरतोय. काल एका दुकानात चिकटवलेला दिसला. उत्तर मागाहून आलं असेल तर तिथं "लेखी, ३० ऑक्टोबर" असं लिहिलंय, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला ते का सापडत नाही ते कळेल.

छापील साठ प्रती, पाठपोट दोन कागद, झेरॉक्सवाल्यानं ३६० रुपये घेतले. वेळ एकूण पंधरा तासांच्या वर, अडतीस मिनिटांसाठी. यातले चार-पाच तास पहिल्या चुकीच्या सारांशाचे आणि तो निस्तरण्याचे.

रविवार, ९ नोव्हेंबर

पुढचा वेबिनार जानेवारीत धरलाय. भाच्यानं तीन गोष्टी कबूल केल्या: रेकॉर्डिंग आधी सुरू करणार, प्रश्न वाचताना त्याचा क्रमांक मोठ्यानं म्हणणार आणि शेवटी खिडकी "रिकामी" करणार नाही. चॅट बघायला जाऊ बसणार आहे, कोंकणीतला प्रश्न आधी जसाच्या तसा वाचायचा हेही तिनंच सुचवलं.

राहिलेल्यांची आजची स्थिती. मॅडमकडचे चार अजून यायचे आहेत, त्यात सेंद्रिय बागेचा आहे. सहकाऱ्यांची माहिती आलेली नाही, मी दुसऱ्यांदा आठवण केली. विषयाबाहेरचे पाच घेऊन मी संबंधित कार्यालयात गेले होते. एका प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं, चारांना "अर्जदारानं स्वतः यावं". पूर्ण न झालेल्या सतरापैकी नऊ मिटले, आठ उघडे. पंचायतीच्या फळ्यावर लावलेल्या प्रतीत मिटलेल्यांवर मी पेनानं तारीख घालून आले. जमिनीच्या कागदांच्या प्रश्नाखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "म्हजोय होच."

नानांच्या दोन झाडांनी तग धरला म्हणे. तिसऱ्याची साल अर्ध्याहून जास्त गेली होती.